कड्यावरची पाच पाखरं

ती पाच पाखरं मी कोरली होती आणि नाव चाचांचं सांगितलं होतं. एवढं आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताना स्वतःला सावरून घेण्याची माझी जुनी खोड मधे येईल.

जुन्नरच्या बाजारात आमच्या मालकाचा फोटोचा धंदा होता. चाचा तिथेच कामाला, हाताने कागद बनवणाऱ्या कागदी घराण्यातले, साठीला आलेले. फोटो आधी काचेवर उतरायचा, मग तिच्यावरून कागदावर छापायचा; त्या काचेवरचे डाग बुजवणं, आभाळात पाखरं घालणं ही कामं त्यांची. मी सव्वीस वर्षांचा, त्यांच्या हाताखाली. त्या काळी काचेवर आभाळ भलतंच दाट, काळं उमटायचं आणि कागदावर पांढरं फटक यायचं. काचेवर सगळं उलटं असल्यामुळे काळा थर चाकूच्या टोकाने खरवडला की कागदावर तिथे काळं पाखरू उमटे. खोल खरवडलं तर गडद, जवळचं. नुसता चाकू फिरवला तर फिकट, लांबचं.

चाचा म्हणायचे, "आदी पाखरू किती लांब ते ठरव. घारीचे पंख माणसाच्या उंचीहून कमी. त्या जागी माणूस उभा केला तर केवढा दिसंल? तेवढ्यात तुझी घार बसली पायजे."

पिंपळवंडीच्या एका शेतकऱ्याने घाटघरला वडिलांचा फोटो काढवला होता. मागे कडा, कड्याच्या टोकावर एक झाड, वर रिकामं आभाळ. पुढे महिन्याभरात म्हातारा गेला. त्याची ती एकच काच. तेराव्याला मोठा फोटो हवा म्हणून तोच शेतकरी, म्हाताऱ्याचा मुलगा, आला आणि म्हणाला, "आभाळ लई भुंडं दिसतंय, राव. चार पाखरं टाका."

चाचा त्या दिवशी नमाजाला गेले होते. जाताना मला बजावून गेले, "काचेला हात लावू नको. मी आल्यावर बघू." मला वाटलं, पाखरांत काय एवढं! मी चाकू घेतला. पाच पाखरं, पाचही एका मापाची, पंख पसरलेली, थेट नितळ काचेपर्यंत खरवडलेली. बरी दिसावीत म्हणून ती कड्यावर गोल मांडली. चाचा परतले तेव्हा काच छापायला गेलेली होती.

मुलाने फोटो हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला.

"हे काय वं? झाडापेक्षा पाखरं मोठी? त्या कड्यावर एवढं मोठं पाखरू एकच असतंय. गिधाड. अन् ती अशी घिरट्या घालत्यात कशावर, ठावं हाय ना? माझ्या आबाच्या डोक्यावर गिधाडं सोडली तुमी!"

तो दारात जाऊन थुंकला. मी फोटोकडे पाहिलं. पाच काळे, ओंगळ पंख, आणि खाली म्हातारा साधासरळ उभा.

मालकाने विचारलं, "कुणी केलं हे?"

"चाचांनी," मी म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही, याचीच मला सर्वांत जास्त किळस येते.

चाचांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. "माजा हात असता तर ही पाखरं तिळाएवढी असती," एवढंच बोलले. मालकाने ऐकलं नाही. "वय झालं तुमचं, आता घरी बसा." चाचांनी चाकू पुसून माझ्यापुढे ठेवला आणि ते निघून गेले.

मग काच मीच दुरुस्त केली. खरवडलेल्या जागा शाईने आसपासच्या काळोखाइतक्या बुजवल्या आणि बाजूला चाकूने हलक्या हाताने तीन ठिपके खरवडले, तिळाएवढे, एकापेक्षा एक लहान. सगळं चाचांनी शिकवलेलं. मुलगा खूश झाला. मालक म्हणाला, "तुझा हात म्हाताऱ्यापेक्षा चांगला." ते कौतुक मी गिळलं. सहा वर्षं चाचांच्याच जागेवर बसून काम केलं.

शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. ते ओल्या कागदांचे ताव भिंतीवर चिकटवत होते. मी सगळं कबूल केलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"मला काय सांगतोस? मला ठावं व्हतं. ज्याच्याम्होरं बोललास त्याला सांगितलंस का?"

"नाही."

"मग आदी तिकडं जा."

आधी पिंपळवंडीला गेलो. त्या मुलाने ऐकून घेतलं, पाणी मात्र विचारलं नाही. तिथून दुकानात आलो. भर बाजाराचा दिवस, गिऱ्हाइकं उभी होती. मालकाला म्हणालो, "ती गिधाडं माझी. चाचांनी त्या काचेला हातही लावला नव्हता." मालकाने मला त्याच पावली बाहेर काढलं, आणि ते बरोबरच केलं.

संध्याकाळी पुन्हा चाचांच्या दारात उभा राहिलो.

"दोघांनाही सांगून आलो. चाचा, पाखरं मी चुकवली ती न कळून, पण तुमचं नाव मी जाणूनबुजून घेतलं. तुमचं काम आणि तुमची अब्रू माझ्यामुळे गेली. मला माफ करा."