पाच महिन्यांचं व्याज

हिशेब तपासण्याच्या कचेरीत मी अर्धं आयुष्य घालवलं. त्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या, पाठदुखी आणि रविवारचा कंटाळा. कंटाळा अशासाठी की पुण्यातल्या सगळ्या विश्वस्त संस्थांच्या बैठका रविवारीच असत, आणि आमचे साहेब रविवारी कुठेही जात नसत. मग जायचं कुणी, तर मी.

त्यातलीच एक संस्था मुलींचं वसतिगृह चालवायची. मार्केट यार्डातल्या एका गूळवाल्या व्यापाऱ्याने जाताना रोख्यांत गुंतवायला एक लाख रुपये त्या वसतिगृहाला दिले होते. अट एकच. त्यांची विधवा सून हयात असेपर्यंत व्याज तिचं. मुद्दल वसतिगृहाचं, आणि रोखे विकून नफा झाला तर तोही वसतिगृहाचा. अट इतकी स्वच्छ होती की तिच्यावरून भांडण होईल असं कुणालाही वाटलं नसतं.

त्या सूनबाई म्हणजे काकू. विश्रांतवाडीला एका खोलीत राहायच्या, साड्यांना फॉल लावून द्यायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागत होती. ऑपरेशनला डॉक्टरांनी पाच हजार सांगितले होते, ते डिसेंबरच्या व्याजातून भागणार होते. त्या पैशांतून घेतलेले रोखे दर्शनी एक लाखाचे, बारा टक्क्यांचे, म्हणजे जूनअखेर सहा हजार आणि डिसेंबरअखेर सहा हजार. आणि डिसेंबरचं व्याज आलंच नाही.

त्या जानेवारीतल्या रविवारी काकू विचारायला आल्या, आणि चिटणीसांनी मला बोलावून घेतलं होतं. चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर समोरच्याला बाकावर उभं करून बोलण्याची सवय लागलेली.

"वहिनी, रोखे आपण नोव्हेंबरअखेर विकले," ते म्हणाले. "डिसेंबरला ते आपल्याकडे नव्हतेच, तर व्याज कुठून येणार? अठ्ठ्याण्णव हजाराला घेतले होते, एक लाख एक हजाराला गेले. तीन हजार नफा. त्यात मुलींना गरम पाण्याचा बंब घेऊ."

काकू म्हणाल्या, "पण जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत तर होते ना?"

त्यावर चिटणीसांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यावं असं त्यांना वाटत होतं, फक्त त्यांच्या बाजूचं.

मी सांगितलं की काकूंचं बरोबर आहे. रोखे दोन तऱ्हांनी विकले जातात. एकात भाव नुसत्या रोख्याचा असतो आणि साठलेलं व्याज घेणारा वेगळं मोजून देतो. दुसऱ्यात व्याज भावातच धरलेलं असतं. दलालाच्या चिठ्ठीवर आपला भाव 'व्याजासह' असा आहे. म्हणजे त्या एक लाख एक हजारात पाच महिन्यांचं पाच हजार व्याज आहे. रोख्याची खरी किंमत आली शहाण्णव हजार.

"शहाण्णव?" चिटणीस म्हणाले. "अठ्ठ्याण्णवला घेऊन शहाण्णवला विकले? म्हणजे मी तोटा केला म्हणता?"

हे मी त्याआधी किती मंडळांपुढे समजावलं असेल, देव जाणे. माणसं व्याज आणि मुद्दल एकाच खिशात ठेवतात आणि मग खिसा कुणाचा यावर भांडतात. मी वहीवर तीन रकाने आखले, एकूण भाव, व्याज आणि मुद्दल. चिटणीस त्या रकान्यांकडे पाहीनात. मग मी दुसऱ्या विश्वस्तांकडे वळले. ते वारज्याचे, जमीनवाले, घरी गोठा असलेले गृहस्थ, बैठकीत बहुधा चहापुरतेच बोलायचे.

"म्हैस विकताना कास भरलेली असेल तर भावात ते दूधही आलं की नाही?" मी म्हणाले.

"आलंच की."

"इथे म्हैस वसतिगृहाची आणि दूध काकूंचं. भरल्या कासेसकट विकली. तर त्या दुधाचे पैसे काकूंचे."

"खरं हाय," ते म्हणाले. "गुरुजी, त्यांचं पाच हजार त्यांना द्या. त्यात काय बोलायचं?"

काकूंनी पदराने डोळे पुसले. पाणी येतच असायचं त्यांच्या डोळ्यांना, पण तेव्हा त्या हसत होत्या. मला अजून अर्धं सांगायचं होतं. आदल्या संध्याकाळी घरी सगळं मांडून झालं होतं आणि पुढे काय निघतं ते मला ठाऊक होतं. पहिला अर्धा भाग पदरात पडू दे, मग दुसरा बोलू, असं मी ठरवलं होतं. ते हसणं थोडं लांबावं असंही वाटत होतं, हे खोटं कशाला बोलू?

पण वारज्याचे गृहस्थ चहा ढवळत थांबले. "ताई, एक विचारू? आपण मार्चअखेर घेतली म्हैस, तवा बी तिची कास भरलेलीच आसंल की."

होती. खरेदीही व्याजासहच होती. अठ्ठ्याण्णव हजारात जानेवारी ते मार्चचं तीन हजार व्याज वसतिगृहाने मुद्दलातून मोजलं होतं. रोख्याची खरी खरेदी पंचाण्णवची, म्हणून शहाण्णवला विकून नफा हजारच. आणि जूनला जे सहा हजार काकूंना गेले, त्यातले तीन मुद्दलात परत जायला हवे होते. ते वळते केले की पाचातले उरले दोन.

चिटणीस ताठ बसले. रकाने आता त्यांना एकदम दिसायला लागले. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. दहा मिनिटांपूर्वी हाच नियम त्यांना दलालाची भानगड वाटत होता. वारज्याच्या गृहस्थांनी मात्र कप खाली ठेवला. "मी उगाच बोललो," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "जूनचं राहू द्या की. कोण विचारतंय?"

विचारणारी मीच होते. सोडलं असतं तर तपासणीच्या अहवालावर सही कुठल्या तोंडाने करायची? मुद्दल मुलींचं होतं, आणि मुलीही काही लखपती नव्हत्या. मी मान हलवली. मला त्या क्षणी त्या खोलीतल्या प्रत्येकाचा राग आला, त्या मेलेल्या गूळवाल्याचासुद्धा.

काकूंनी वाद घातला नाही. "हिशेब बरोबर आहे ना?" एवढंच विचारलं.

"बरोबर आहे."

दोन हजारांच्या पावतीवर सही कुठे करायची ते मी त्यांचा हात धरून दाखवलं.

बैठक संपल्यावर मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. उन्हात बाकावर बसलो. त्या म्हणाल्या, "नव्या रोख्यांचं व्याज मार्चला येतं म्हणे. सहा महिन्यांचं. तेव्हा तरी पुरतील."

मला उत्तर द्यायचं नव्हतं. नवे रोखे संस्थेने डिसेंबरअखेर घेतले होते आणि चिटणीसांनी चिठ्ठी मला जाताजाताच दाखवली होती.

"काकू, तेही व्याजासह घेतलेत," मी म्हणाले. "ऑक्टोबर ते डिसेंबरचं वसतिगृहाने आधीच मोजलंय."

"म्हणजे मार्चला तीनच महिन्यांचं माझं."

"हो."

"त्या आजच्या दोनात घातलं तरी भाडं, किराणा..." त्या थांबल्या. आता त्यांना मांडून दाखवायची गरज उरली नव्हती. "मग सप्टेंबर," त्या म्हणाल्या.

समोरून बस आली. त्या उठल्या आणि पाटीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"माझी आहे का गं ही?"

"तुमचीच," मी म्हणाले, आणि त्यांना दांडा सापडेपर्यंत कोपर धरून ठेवलं.