चिमणाबाईचा एक मुद्दा

कुरुंदवाडजवळच्या त्या गावात पिराजी दूध संस्थेचा सचिव म्हणून आला, त्या सकाळी चिमणाबाई त्याला पहिल्यांदा म्हणाली, "दूध आणलंय." ते ऐकायला पिराजीला पंखा बंद करावा लागला, कुत्र्याला हाकलावं लागलं, आणि तरी त्यानं विचारलं, "काय म्हणालासा?" पुढं तीन वर्षं तो तिला मुकीच समजत होता.

मुकी कसली! तिच्या पोटात एक गोष्ट खदखदत होती. दुधातली फॅट मोजून भाव ठरवणाऱ्या फॅट मशीनचा आकडा दिसायचा फक्त पिराजीला; खिडकीबाहेरच्या सभासदानं पावतीवर विश्वास ठेवायचा. म्हशीला सरकी-पेंड घालून घालून तिचे हात झिजले, पण पावती सहाच्या आसपासच घुटमळायची.

गेल्या वार्षिक सभेत बोलायचं म्हणून ती शेवटच्या 'ऐनवेळच्या विषयां'पर्यंत थांबली. तोवर सभा जेवणाच्या पंगतीत जाऊन बसली होती.

यंदा शेजारची सलिमा म्हणाली, "चिमणाक्का, धा गोष्टी नकोत. एकच धर. अन् कुणी काय बी इचारू दे, तीच परत म्हण."

चिमणाबाईनं म्हशीसमोर महिनाभर तालीम केली. म्हशीनं हरकत घेतली नाही.

वेळही तिनं हेरून ठेवली होती. पिराजी विषय एका दमात वाचतो, मग श्वास घेतो, आणि त्यानंतर पुढची रांग 'मंजूर, मंजूर' म्हणून ओरडते. श्वास आणि मंजूर यांच्यामधली ती फट तिची.

"विषय पाच. नवीन फॅट मशीन खरेदी करण्यास मंजुरी देणे," पिराजीनं वाचलं आणि श्वास घेतला.

"एका अटीवर मंजूर!" चिमणाबाई उभी होती. "आकडा खिडकीकडं दिसला पायजे."

पिराजीच्या हातातला कागद खाली पडला. मुकी बोलली!

चेअरमन विजयसिंह गोड हसले. "आक्का, हे ऐनवेळच्या विषयात घ्या की."

"ऐनवेळेला तुम्ही रश्श्यावर असता."

मांडव हसला. विजयसिंह हसले नाहीत. "म्हंजे संस्थेवर इश्वास न्हाय तुमचा?"

इथं चिमणाबाईला सलिमाचं वाक्य आठवलं. "आकडा खिडकीकडं दिसला पायजे."

"मशीनमधलं काय कळतं तुम्हाला?"

"कायबी न्हाय. आकडा तेवढा वाचता येतो. तो खिडकीकडं दिसला पायजे."

"मंजूर!" सलिमा मागून ओरडली. मग बायकांची अख्खी रांग ओरडली, आणि सवयीनं पुढची रांगही ओरडून बसली.

"लिहा," चिमणाबाई म्हणाली, "अन् लिहिलेलं वाचून दावा."

पिराजीनं अटीसह ठराव लिहिला आणि वाचून दाखवला. पंखा बंद न करता सगळ्यांना ऐकू गेला.

नवं मशीन आलं, आकडा खिडकीकडं झाला. पहिल्या सकाळी चिमणाबाईच्या दुधाला फॅट लागली सहा पूर्णांक एक. आधीही तेवढीच लागायची.