व्हॅनिलाचा वास

बेलग्रेडमधल्या माझ्या शेजारणीची मुलगी तियाना दिवसभर बाल्कनीत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायची. व्हॅनिलाचा वास आला की मी कठड्यावरून चिडवायची, "काय गं, आज केक का?"

"हाच माझा केक, काकू! दोन झुरके मारले की भूक मरते. सोडलं तर फुगेन."

त्यांच्या कुलसंताच्या सणाला मीही गेले होते. त्या दिवशी उकडलेल्या गोड गव्हाचा चमचा सगळ्यांनी खायचाच असतो, पितरांसाठी. तियानानं चमचा तोंडात घातला, हसली आणि बाल्कनीत पळाली. मी मागोमाग गेले, तर ती घास कुंडीत थुंकत होती.

"आईला सांगू नका!"

तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. मी ओरडून तिच्या आईला बोलावलं.

तियाना अजून इस्पितळातच आहे. उकडलेला गहू उगवत नाही, हे मला कळतं. तरी मी रोज कठड्यावरून त्या कुंडीत डोकावते.