चौथं वाचन

वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत तिला सगळे चादरवाली म्हणत. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलून निघाली की गठ्ठ्याखाली तिचे नुसते पाय दिसायचे. चार वर्षं झाली तरी इथली भाषा तिच्या तोंडी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘झालं’ यापुढे सरकली नव्हती. तेवढ्यावर भागत होतं. आता भागणार नव्हतं. तेरा वर्षांची लेक मायदेशी आत्याजवळ होती, आणि तिला इथे आणायचं तर आईने भाषेची परीक्षा द्यायची, असा नियम निघाला होता. परीक्षा म्हणजे वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायचा, सार सांगायचं आणि वर स्वतःचं मत मांडायचं.

मला कुठलं आलंय मत, असं ती म्हणाली तेव्हा इस्त्रीवरची, तिच्याच मुलखातली थोरली म्हणाली, “चादर नीट पिळली नाही की मला जे ऐकवतेस, ते काय असतं मग?”

बारा नंबरच्या खोलीत एक आजोबा होते. एका वर्तमानपत्राची मुद्रितं त्यांनी तीस वर्षं तपासली होती. पाय गेले होते, नजर शाबूत होती. तेच वर्तमानपत्र अजून रोज त्यांच्या उशाशी यायचं. चादर बदलताना तिने मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, आणि दुपारच्या सुट्टीतला अर्धा तास ठरला.

पहिल्या दिवशी तिने अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहून लिहिला. त्रेचाळीस झाले. दुसऱ्या दिवशी त्यातले चार आठवले. आजोबा म्हणाले, अशाने कोश पाठ होईल, भाषा नाही.

मग त्यांनी रीत घालून दिली. पहिलं वाचन कोश मिटून: मथळा, पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, आणि मग सगळा लेख, लिहिणाऱ्याला काय हवंय एवढंच हुडकायचं. दुसऱ्या वाचनात शब्द सातच घ्यायचे, जे पुन्हापुन्हा येतात किंवा ज्यांच्यावाचून अर्थाचं गाडं अडतं ते. शब्द एकटा लिहायचा नाही, त्याच्या सोबत्यांसकट लिहायचा. नुसता ‘बोजा’ नाही. ‘असह्य बोजा’, ‘बोजा सोसणे’. तिसऱ्या वाचनात वाक्यांचे सांगाडे काढायचे. आतला मजकूर काढून टाकायचा आणि रिकाम्या जागा ठेवायच्या: ‘जरी अमुक खरं असलं, तरी तमुक किती काळ, हा प्रश्न आहे.’ मग त्या जागा आपल्या घरच्या गोष्टींनी भरायच्या. शेवटी पेपर पालथा घालून सगळा लेख तीन वाक्यांत सांगायचा, आणि दुसऱ्या सकाळी वहीत न डोकावता पुन्हा एकदा.

तिने लिहिलं, ‘जरी मशीन जुनं असलं, तरी माझ्या कंबरेने किती काळ, हा प्रश्न आहे.’ आजोबा खोकला येईपर्यंत हसले.

रीत घालून देताना ते चार वाचनं म्हणाले होते. चौथं कुठलं, असं तिने एकदा विचारलं. ते परीक्षेला लागत नाही, म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.

पाच महिन्यांत दोन वह्या भरल्या. लेकीला फोनवर ती नवे सांगाडे ऐकवायची. लेक म्हणायची, आई, तू अगदी बातम्यांसारखी बोलतेस.

परीक्षेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि परीक्षक बाई. समोर आलेला अग्रलेख बाहेरून आलेल्या कामगारांच्या कुटुंबांवर होता. शब्द सगळे ओळखीचे निघाले. सार तीन वाक्यांत झालं. मग बाई म्हणाल्या, आता तुमचं मत सांगा.

वेळ थोडा होता. सांगाडे तयार उभे होते, शब्द आपापले सोबती घेऊन आले. तिने तोंड उघडलं आणि वाक्य घरंगळत बाहेर आलं. “जरी या लोकांच्या अडचणी खऱ्या असल्या, तरी वाढत्या लोंढ्याचा असह्य बोजा शहराने किती काळ सोसायचा, हा प्रश्न आहे.”

कुठेही अडखळली नाही. बाईंनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, तिच्या अर्जावरच्या लेकीच्या फोटोकडे पाहिलं.

“हे पाठ करून आलात?”

“नाही,” ती म्हणाली. “आत्ताच जुळवलं.”

ते खरंच होतं. बाईंनी गुण लिहिले. चाळीसपैकी अडतीस.

ती बारा नंबरमध्ये आली तेव्हा निकालाचा कागद तिच्या हातात होता. आजोबांनी तो वाचला, अभिनंदन म्हणाले. ती बसली नाही.

“चौथं वाचन काय असतं?”

आजोबांनी चादरीची कड चिमटीत धरली. “हा माणूस कोणाच्या बाजूने बोलतोय, आणि त्याने दाराबाहेर कोणाला ठेवलंय, ते बघायचं.”

“मग शिकवलं का नाही?”

“तीस वर्षं मी त्यातल्या चुका काढल्या, पोरी. फक्त शुद्धलेखनाच्या.”

तिने उशाशी पडलेला पेपर उचलला, घडी घालून मळक्या चादरींत टाकला आणि गठ्ठा उचलून निघाली.

संध्याकाळी तिने लेकीला सांगितलं, पास झाले, तू येऊ शकतेस. लेक आनंदाने बोलतच सुटली. मग म्हणाली, “आई, तिथले लोक मला काय म्हणतील गं?”

चादरवालीला तो शब्द येत होता, त्याच्या सगळ्या सोबत्यांसकट.

“आलीस की सांगेन,” ती म्हणाली.