आईचा बंद पडलेला नंबर

आईचा मोबाइल बंद पडला आहे, हे आम्हाला तीन आठवडे कळलंच नाही. टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या गावात फोनला रेंज नसणं ही रोजचीच गोष्ट होती. रेंज पाहिजे असेल तर शाळेमागच्या टेकाडावर जावं लागे. आई रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की फोन पदरात गुंडाळून टेकाडावर जाई, तासभर बसे आणि खाली येई. त्या तीन आठवड्यांतही ती रोज गेली. मी रविवारी घरी आलो तेव्हा ती म्हणाली, औंदा रेंज लईच पळालेय. मी म्हणालो, पावसाने टॉवर गेला असेल. आणि जेवायला बसलो.

मी मुरबाडला एसटी स्टँडजवळ दुकान चालवत होतो. आधी एसटीडी बूथ होता, मग मोबाइल आले तेव्हा त्याच गाळ्यात रिचार्ज आणि सिमकार्डं विकू लागलो. म्हणजे सगळ्या तालुक्यात फोन बंद आहे की रेंज नाही हे ज्याला पहिल्यांदा कळायला हवं, तो मीच होतो.

तो नंबर माझ्या धाकट्या भावाने आईला घेऊन दिला होता. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात लागला तेव्हा पहिल्या दोन पगारांतून त्याने आईच्या नावावर, आईच्या रेशनकार्डावर सिम घेतलं आणि जुना हँडसेट आणला. पुढे तो गुजरातमध्ये गेला. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा, दर वेळी वेगळ्याच पीसीओवरून, तो आईला फोन करी. पाच मिनिटं बोले. पत्ता नाही, स्वतःचा नंबर नाही. आईला त्याच्याशी जोडणारी एवढी एकच वाट होती आणि ती टेकाडावरून जात होती.

त्या वर्षी सरकारने सगळ्या प्रीपेड ग्राहकांची कागदपत्रं पुन्हा तपासायला सांगितली होती. फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि नवा फॉर्म. ज्याचे कागद नाहीत त्याचा नंबर बंद. दुकानात रांगा लागल्या. मी फॉर्म भरून घेई, खालची पावती फाडून गिऱ्हाइकाला देई, आणि वितरकाचा माणूस कल्याणहून आला की त्याला गठ्ठा देऊन वहीत प्रत्येक नंबरापुढे सही घेई. आईचाही फॉर्म मी भरला. पावती फाडली नाही. घरच्या माणसाला कसली पावती द्यायची? वहीतही लिहिला नाही, गठ्ठ्यात वरून सरकवून दिला. आमच्याकडे घरच्यांशी असंच वागतात. परक्याला कागद देतात आणि आपल्या माणसाला शब्द.

चौथ्या आठवड्यात आई फोन घेऊन दुकानात आली. मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. बाईचा आवाज आला, हा नंबर अस्तित्वात नाही. मी आईला म्हणालो, थोडी अडचण आहे, होईल.

कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला. त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि सांगितलं की कागदपत्रं न मिळाल्याने सेवा बंद केली आहे. मी म्हणालो, मीच विक्रेता आहे, मीच फॉर्म दिलाय. पलीकडून विचारलं, पावती आहे का सर?

वितरकाच्या माणसाला सांगितलं तर तो काउंटरवर कोपर टेकून हसला. "शेठ, तक्रार कुणाची करताय, आपलीच?" मग हळूच म्हणाला की वर लेखी गेलं तर वरचे लोक विक्रेता बदलतात. मुरबाडात गाळे काय कमी आहेत? आईला नवा नंबर फुकट देतो, झालं.

मी गप्प बसलो. हे लिहायला मला आजही जड जातं. दीड महिना मी काही केलं नाही. रोज सकाळी शटर उघडताना वाटे, आज पत्र लिहू. रोज संध्याकाळी वाटे, उद्या. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात, हे मला माहीत होतं. आई मात्र टेकाडावर जातच होती, कारण मी तिला खरं सांगितलंच नव्हतं.

तिनेच शेवटी विचारलं, दिवाळी गेली, त्याचा फोन नाय आला, असं कधी झालं नाय. त्या दिवशी मी तिच्याकडून फोन मागून घेतला, शटर लवकर ओढलं आणि एसटीने शहापूरला गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षक होते, लोकांना ग्राहक मंचाच्या तक्रारी लिहून देत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी पुण्याला कंपनीच्या नोडल, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र, पोचपावतीसह. मग उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर ठाण्याचा ग्राहक मंच. तक्रारदार तुमची आई, कारण नंबर तिच्या नावावर. तुम्ही तिचे प्रतिनिधी. मग त्यांनी आईचा हँडसेट मागितला आणि चष्मा वर सरकवून एकेक मेसेज वाचू लागले. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुसताही येत नव्हतं. लॉटरी, भक्तिगीतं, रिंगटोन. आणि त्या ढिगात कंपनीचाच एक मेसेज: आपली कागदपत्रे मिळाली, धन्यवाद.

मास्तर म्हणाले, "ही घ्या तुमची पावती. इतके दिवस आईच्या पदरात होती."

पुण्याहून नकार आला. कागदपत्रं मिळाली नाहीत, नवीन नंबर घ्यावा. मग ठाण्याला तक्रार दाखल केली. चार प्रती, प्रतिज्ञापत्र, मेसेजचा फोटो. मागण्या दोन: तोच नंबर पूर्ववत चालू करावा, आणि मनस्तापाची भरपाई द्यावी. शिवाय मास्तरांनी एक अर्ज वेगळा जोडला, निकाल लागेपर्यंत तो नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नये म्हणून. पहिल्याच तारखेला मंचाने तो मंजूर केला. त्या दिवशी परत येताना मी कल्याणपर्यंत डोळे मिटून बसलो होतो. नंबर अजून कोणाला दिलेला नव्हता. माझा दीड महिन्याचा उशीर थोडक्यात निभावला होता.

वितरकाने आठवड्याभरात माझं रिचार्ज बंद केलं. मी झेरॉक्सचं मशीन घेतलं.

अंतिम सुनावणीला आईला घेऊन गेलो. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, शेजारी दोन सदस्य, त्यांत एक बाई. आई नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली होती. मेसेज दाखवल्यावर कंपनीच्या वकिलांनी फॉर्मचा मुद्दा सोडून दिला. ते म्हणाले, चूक धरली तरी नुकसान काय? नवा नंबर फुकट देऊ केला होता. मुलाला बोलायचंच असतं तर तक्रारदाराच्या दुसऱ्या मुलाचं मुरबाडला फोनचंच दुकान आहे. दुकानाचा नंबर तर दहा वर्षं तोच आहे.

सदस्य बाईंनी आईला विचारलं, आजी, दुकानाचा नंबर धाकट्याला माहीत होता का?

आई उभी राहिली. "व्हता ना. पन तो तिथं नाय करीत."

"का?"

"मला नाय ठावं," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मला अजून ती खोली आठवते. पंखा, फायलींना बांधलेली लाल फीत, वकिलांचं मागे ओढलेलं स्टूल. मी म्हटलं असतं, भावाभावांचं काही किरकोळ, तर चाललं असतं कदाचित. पण मग वकिलांचं म्हणणंच खरं ठरलं असतं, की वाट बंद नव्हतीच, त्याने वापरली नाही. आईचा नंबर परत मिळवायचा तर तो मला फोन का करणार नाही, हे मला सांगावं लागणार होतं. आणि ते आईसमोर.

मी सांगितलं. भावाला डोंगरातल्या वाडीवरची एक मुलगी आवडत होती. त्याने ते फक्त मला सांगितलं होतं. मी त्याला काही न सांगता तिच्या बापाला जाऊन भेटलो, पोरीला आवर म्हणालो, आणि महिन्याच्या आत तिचं लग्न दुसरीकडे लागलं. आई तेव्हा माहेरी गेली होती. भाऊ दुकानात आला, गिऱ्हाइकांसमोर त्याने माझ्या शर्टाची कॉलर धरली. मी त्याला म्हणालो होतो, या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. आईला मी सांगितलं की गुजरातमध्ये चांगली नोकरी लागली.

"तो मला फोन करणार नाही," मी म्हणालो. "म्हणून हाच नंबर पाहिजे."

अध्यक्षांनी काहीतरी लिहिलं. आई खाली बसली होती.

महिन्याभराने निकाल आला. नंबर तीस दिवसांत पूर्ववत करावा, आणि मानसिक त्रास व खर्चापोटी काही रक्कम द्यावी. चेक आईच्या नावाचा होता, म्हणून तिचं आयुष्यातलं पहिलं बँक खातं उघडावं लागलं. नंबर बंद असताना भावाने फोन केला होता का, हे मी कंपनीला लेखी विचारलं. उत्तर आलं की बंद नंबरावर आलेल्या कॉलची नोंद राहत नाही. त्याने लावला असेल तर त्याला त्या बाईचा आवाज ऐकू आला असेल, हा नंबर अस्तित्वात नाही. त्याने काय अर्थ काढला असेल, ते मला माहीत आहे: मी हेही दार लावून घेतलं.

ठाण्याहून परतताना आई कल्याणपर्यंत बोलली नव्हती, पुढच्या एसटीतही नाही. घरीही त्यावर एक शब्द काढला नाही. नवं सिम आलं, मी हँडसेटमध्ये घातलं, स्वतःच्या फोनवरून लावून बघितलं. वाजला. मी तो तिच्या हातात ठेवला. तिने तो उलटा माझ्याकडे सरकवला.

"तुझ्याकड ठेव. त्याचा फोन आला त आदी तू उचल. मंग मला दे."

"आये, माझा आवाज ऐकला की कापेल तो."

"कापू दे. परत करील. परत तूच उचल."

तेव्हापासून तो फोन माझ्याकडे आहे. आई आता विचारत नाही. मी जेवताना तो ताटाशेजारी ठेवतो, अंघोळीला गेलो तर बायकोकडे देऊन जातो आणि तिला बजावतो की वाजला तर दार वाजव, तू उचलू नकोस. कर्ज देणारे, विमावाले, चुकून लागलेले, सगळ्यांचे फोन मी उचलतो. अनोळखी नंबर असला की हॅलो म्हणायच्या आधी मी भावाचं नाव घेतो. पलीकडचा माणूस गोंधळतो. मी माफी मागतो.

हँडसेट तीनदा बदलला. पुढे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय निघाली. ज्या कंपनीने आमची ही अवस्था केली तिला सोडावं, असं माझा मुलगा कितीदा म्हणाला. एकदा मी अर्जाचा मेसेज टाइपही केला होता. मग दुकानदार म्हणाला, बदलताना मध्ये काही तास फोन बंद राहतो, काका, जास्त नाही, दोन-चार तास.

मी तो मेसेज पुसला. आम्ही अजून त्याच कंपनीत आहोत.