अर्धा पासवर्ड

नववीच्या वर्गात शिकवताना मी फळ्याकडे वळले की मागून खसखस सुरू. चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी एकीचा मोबाईल जप्त केला. त्यात माझंच स्टिकर निघालं! शाळेच्या गॅदरिंगमधली मी, दरोडेखोराच्या वेशात, काजळाच्या मिशा कानापर्यंत. खाली लिहिलेलं : होमवर्क आणला का?

माझा पारा चढला. पण फोटो आला कुठून, हे कळलं तेव्हा बसलेच मी. दहावीनंतरच्या सुट्टीत मी आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं सायबर कॅफेत बसून एक ब्लॉग काढला होता. शाळेचे सगळे फोटो स्कॅन करून त्यावर चढवले, खाली दोघींची पूर्ण नावं, शाळा, तुकडी. त्या साइटला मी कधीच मेली समजत होते. ती ठणठणीत होती, आणि पोरींनी माझं नाव शोधताच सापडली होती.

खातं काढायचं तर आधी आत शिरायला हवं. ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारली, तर दुवा गेला आमच्या जुन्या ई-मेलवर, आणि ते ई-मेल बंद होऊन जमाना झाला. साइटवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, नोंदवलेल्या ई-मेलवरूनच लिहा. घ्या!

पासवर्ड मी विसरले नव्हते. मला तो कधी पूर्ण माहीतच नव्हता. अर्धा माझा, अर्धा तिचा. एकीनं टाकताना दुसरीनं तोंड फिरवायचं, म्हणजे कोणीच एकटीनं ब्लॉग उघडणार नाही. तशी शपथ घेतली होती आम्ही, सायबर कॅफेतल्या त्या लाकडी खोपट्यात, एका खुर्चीवर दोघी बसून.

आणि तिच्याशी मी नऊ वर्षं बोलले नव्हते.

कारण सांगायला आता लाज वाटते. तिच्या लग्नाचं कार्ड मला व्हॉट्सॲपवर आलं. मला! सगळ्या नागपुराला घरी जाऊन अक्षता देतील आणि मला मोबाईलवर? मी फक्त ‘मिळालं’ असं लिहिलं आणि लग्नाला गेले नाही. तिनंही मग विचारलं नाही. ती विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीत, मी इकडे शाळेत. एकाच गावात राहून नऊ वर्षं काढली. बाजारात तिच्यासारखी पाठ दिसली की मी पुढे जाऊन तोंड बघायची. ती नसायची.

फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“सांग ना वं तुझा अर्धा,” मी म्हटलं.

“सांगत नसते मी. शपथ आहे. रविवारी येते मी तुह्या घरी.”

आली. थोडी जाड झालेली, चष्मा लागलेला. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, लग्नाचं कोणीच काढलं नाही. मी लॅपटॉप उघडला, माझा अर्धा टाकला. तिनं आपसूक खिडकीकडे तोंड केलं होतं. मग मी फिरवलं. खातं उघडलं.

एवढे एवढे फोटो, पुसट. सहलीत एका डब्यात दोघींचे हात. माझ्या मिशा काढतानाची ती, जीभ दातात धरून. मला ते दिवस फार हवेसे वाटले. फोटो सगळे उतरवून घेतले. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘खातं काढून टाका’. साइटनं पुन्हा पासवर्ड मागितला. मी माझा टाकून लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिनं बोटं कळांवर ठेवली, पण दाबली नाहीत.

“हे टाकलं की झालं ना काम? मंग मले कशाले फोन करशील तू?”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिनं टाकला. पडद्यावर आलं की ब्लॉग आता कोणाला दिसणार नाही. तीस दिवसांत लॉगिन करून परत आणता येईल, नंतर कायमचा जाईल.

निघताना तिनं पर्समधून एक पाकीट काढलं. कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं, सुकून काळं पडलेलं. वर तिच्या अक्षरात माझं नाव.

“व्हॉट्सॲपवर डिझाईन पाठवलं होतं, तुले आवडते का पाहाले. कार्ड घेऊन मी येणारच होती. तुझं ‘मिळालं’ आलं, मंग कशी येऊ?”

ती गेल्यावर मी पाकीट उघडलं. आत चिमूटभर अक्षता होत्या. तारीख वाचली, वार वाचला, वेळ संध्याकाळची. त्या संध्याकाळी मी घरीच होते. नवी साडी इस्त्री करून ठेवली होती.