न सापडलेली तीन बिलं

मिरकरवाड्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत मी क्लार्क होते. ऑडिटरने तपासणीसाठी नमुना म्हणून बारा बिलं मागितली होती. नऊ सापडली, बर्फाची तीन काही सापडेनात. उत्तराच्या पत्रात मी तसंच लिहिलं: नऊ सोबत जोडली आहेत, तीन सापडलेली नाहीत. त्या तिन्हींचे व्हाउचर नंबरही दिले.

पत्र सहीला नेलं आणि त्यात काय लिहिलंय ते सांगितलं, तर अध्यक्ष म्हणाले, “अगो, ‘शोध चालू आहे’ असं लिही. बरं दिसतं.”

“कोण शोधतंय?” मी तडकले. “सगळी कपाटं मी पालथी घातली. तुम्ही खुर्चीतून तरी उठलात का?”

ते हसले आणि पत्र वाचायला त्यांनी चष्म्याची डबी उघडली. चष्मा खडखडू नये म्हणून तळाला घडी घातलेला कागद होता. उलगडला, तर बर्फाचं बिल! मंजुरीच्या सहीसाठी मीच त्यांच्याकडे दिलेलं.

“आणि बाकीची दोन?”

“घरी अजून दोन चष्मे आहेत,” ते हळूच म्हणाले.

मी पत्र पुन्हा टाइप केलं: दहा जोडली आहेत, दोन बाकी. मग अध्यक्षांना घरी पिटाळलं आणि खाली लिहिलं, ‘शोध चालू आहे.’